एका कंत्राटात दोन फर्म : संयुक्त भागीदारीचा प्रस्ताव

सरकारी कामाच्या निविदेत दोन लहान फर्म एकत्र उतरतात, ते बहुधा एकाच कारणामुळे: दोघींपैकी एकही पात्रतेच्या अटी एकटीने पूर्ण करत नाही. एकीकडे विहीर, टाकी आणि जलवाहिनीच्या कामांचा अनुभव असतो, पण पंप, पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर बसवल्याचे दाखले नसतात. दुसरीकडे विद्युत ठेकेदाराचा परवाना असतो, पण निविदेत मागितलेली वार्षिक उलाढाल नसते. दोघी मिळून कागद जुळतात. अशा एका कामापुरत्या एकत्र येण्याला ठेकेदारांच्या बोलण्यात ‘जेव्ही’ म्हणतात आणि निविदेच्या मराठी कागदांत संयुक्त भागीदारी किंवा संयुक्त उपक्रम.

एकत्र येण्याआधी एक फर्म दुसरीला लेखी प्रस्ताव देते. कामाची वाटणी, नफ्याचे प्रमाण, पैशाचा मार्ग आणि वेगळे होण्याच्या अटी त्यात असतात. पुढे त्याचाच करारनामा होऊन तो निविदेला जोडला जातो. प्रत्यक्षात चर्चा घोटाळते ती नफ्याच्या टक्क्यावर. साठ-चाळीस की सत्तर-तीस यावर चार बैठका होतात. तोटा झाला तर कोणाचा, पहिल्या तीन महिन्यांचा खर्च कोणाच्या खिशातून आणि एकजण अर्ध्यावर थांबला तर काय, हे प्रश्न ‘बघू पुढे’ म्हणून सोडले जातात. भांडणे मात्र याच प्रश्नांवरून होतात, टक्क्यावरून क्वचितच.

प्रस्तावाची अंगे पाहण्यासाठी एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेता येईल. ग्रामीण पाणीपुरवठा योजनेचे 2 कोटी 40 लाखांचे काम आहे, जीएसटी वेगळा. त्यात उद्भव विहीर, पंपगृह, ऊर्ध्ववाहिनी, उंच टाकी आणि गावातली वितरण व्यवस्था हे स्थापत्याचे काम 1 कोटी 68 लाखांचे, म्हणजे 70 टक्के. पंप, मोटारी, पॅनेल, केबल, वीजजोडणी आणि चाचणी हे 72 लाखांचे, म्हणजे 30 टक्के. स्थापत्याची फर्म दोन भावांची भागीदारी संस्था आहे, तर पंपाची फर्म एका माणसाच्या मालकीची.

पहिला प्रश्न निविदेचाच असतो: संयुक्त भागीदारी चालते का? अनेक लहान कामांच्या निविदांत ती चालणार नाही असे स्पष्ट छापलेले असते. जिथे चालते तिथे किती सदस्य असावेत, प्रमुख सदस्याचा वाटा कमीत कमी किती असावा, प्रत्येकाने पात्रतेचा किती भाग स्वतः पूर्ण करावा हे ठरलेले असते. प्रस्तावातले प्रमाण या अटीत बसले नाही तर पुढची सगळी मेहनत तांत्रिक लिफाफा उघडताच संपते. या प्रमाणाचा आणखी एक परिणाम नवख्यांच्या लक्षात येत नाही. काम पूर्ण झाल्यावर मिळणारा अनुभवाचा दाखला पुढच्या निविदांत दाखवताना सामान्यतः करारनाम्यातल्या वाट्याइतकाच धरला जातो. पंपाच्या फर्मने आज घाईत 10 टक्क्यांवर सही केली, तर 72 लाखांचे काम स्वतः करूनही तिच्या नावावर 24 लाखांचाच अनुभव लागू शकतो. लहान फर्मसाठी हे नुकसान एका कामाच्या नफ्यापेक्षा मोठे असते. म्हणून करारनाम्यातला वाटा आणि प्रत्यक्ष कामाचा वाटा शक्यतो एकच ठेवावा.

दुसरा प्रश्न नात्याच्या स्वरूपाचा. भारतीय भागीदारी अधिनियम 1932 मध्ये केवळ एका विशिष्ट कामापुरती भागीदारी करता येते आणि ते काम संपताच, वेगळे काही ठरले नसेल तर, ती विसर्जित होते. पण फर्म ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती नाही, म्हणून एक भागीदारी फर्म दुसऱ्या फर्मची भागीदार होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये दुलीचंद लक्ष्मीनारायण यांच्या प्राप्तिकराच्या प्रकरणात हे सांगितले. त्यामुळे आपल्या उदाहरणात नोंदणीकृत भागीदारी करायची ठरल्यास दोन्ही भाऊ आणि पंपाच्या फर्मचे मालक अशा तिघांनी व्यक्ती म्हणून करारनाम्यात यावे लागेल. फर्मच्या शिक्क्यावर एका भावाने केलेली सही पुरत नाही. नोंदणीही टाळू नये. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही.

दुसरी वाट संघाची, म्हणजे कन्सॉर्शियमची. यात दोघे मिळून मालकाला उत्तरदायी असतात, पण काम, खर्च, माणसे आणि नफा-तोटा आपापला ठेवतात. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मार्च 2016 मध्ये काढलेल्या परिपत्रकाने टर्नकी स्वरूपाच्या कामांपुरता याचा कराच्या दृष्टीने खुलासा केला. प्रत्येक सदस्याचे काम आणि त्याचा खर्च स्वच्छ वेगळा असेल, जोखीम ज्याची त्याची असेल, माणसे आणि साहित्य त्याच्याच ताब्यात असेल आणि एकत्र व्यवस्थापन केवळ समन्वयापुरते असेल, तर अशा संघाला व्यक्तिसमूह मानून वेगळा कर लावला जाणार नाही. एकाच खात्यातून सगळा खर्च होत असेल आणि शेवटी नफा टक्क्याने वाटला जात असेल, तर मात्र हा आधार मिळत नाही. म्हणजे नफा कसा वाटायचा या निर्णयातच करआकारणी कोणाच्या नावाने होणार याचा निर्णय दडलेला असतो. म्हणून प्रस्ताव लिहिताना चार्टर्ड अकाउंटंटला शेवटी नव्हे, आधी बसवावे.

नफ्याच्या वाटणीच्या दोन पद्धतींत किती फरक पडतो ते आकड्यांत पाहू. स्थापत्याच्या कामाचा अंदाजी खर्च 1 कोटी 50 लाख आहे आणि पंपाच्या कामाचा 60 लाख. विमा, हमीचा खर्च, साइटवरचा सामायिक अभियंता आणि कार्यालय हे सामायिक खर्च 6 लाख. एकूण खर्च 2 कोटी 16 लाख, शिल्लक नफा 24 लाख. सगळा नफा एकत्र करून 60-40 वाटला तर स्थापत्य फर्मला 14 लाख 40 हजार आणि पंप फर्मला 9 लाख 60 हजार मिळतात. ज्याचे काम त्याचा नफा ठेवला आणि सामायिक खर्च 70-30 वाटला, तर अनुक्रमे 13 लाख 80 हजार आणि 10 लाख 20 हजार. फरक 60 हजारांचा. कागदावर दोन्ही पद्धती सारख्याच वाटतात, आणि म्हणूनच पुष्कळदा सोपी म्हणून पहिली निवडली जाते.

आता काम सुरू होते. विहिरीला अंदाजापेक्षा जास्त पाणी लागते आणि उपसा तीन महिने लांबतो. त्याच काळात पाइपांचे दर चढतात. पीव्हीसी आणि एचडीपीई पाइपांचा कच्चा माल खनिज तेलापासून येत असल्याने हे दर तेलाबरोबर हलतात. निविदेत भाववाढीचे कलम नाही. स्थापत्याचा खर्च 16 लाखांनी वाढतो आणि एकूण नफा 8 लाखांवर येतो. 60-40 वाटणीत स्थापत्य फर्मला 4 लाख 80 हजार आणि पंप फर्मला 3 लाख 20 हजार मिळतात. ज्याचे काम त्याचा नफा या पद्धतीत स्थापत्य फर्मला 2 लाख 20 हजारांचा तोटा होतो आणि पंप फर्मचे 10 लाख 20 हजार तसेच राहतात. म्हणजे पहिल्या पद्धतीत पंप फर्मने आपले काम चोख करूनही दुसऱ्याच्या विहिरीपायी 7 लाख गमावले. विहिरीचा दर भरताना तिला कोणी विचारले नव्हते, आणि पाइप वेळेत बुक करण्याचा निर्णयही तिच्या हाती नव्हता.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्याने दर भरला आणि ज्याच्या हाती खर्च आहे, त्या खर्चाची जोखीम त्याचीच असावी. एकत्रित नफावाटप तेव्हाच न्याय्य ठरते, जेव्हा दोघांनी दर एकत्र बसून भरले असतील, खरेदी दोघांच्या सहीने होत असेल आणि हिशेब एकाच वहीत असेल. दोन वेगळ्या धंद्यांच्या फर्ममध्ये असे क्वचितच होते.

तरीही काही नुकसान कोणा एकाचे नसते. जागा ताब्यात मिळायला उशीर झाला, महावितरणची वीजजोडणी लांबली, गावातल्या वादामुळे काम बंद पडले, मूळ आराखडाच बदलला, तर अशा वेळचा पडून राहिल्याचा खर्च प्रत्येकाने आपल्या कामाच्या प्रमाणात सोसावा असे लिहावे. उलट उशिराचा दंड ज्याच्या उशिरामुळे बसला त्याच्याकडून पूर्ण घ्यावा. मुदतवाढीच्या अर्जात उशिराचे कारण लिहावेच लागते, त्यामुळे दंड कोणाचा हे ठरवण्याचा पुरावा आपोआप तयार होत असतो. प्रस्तावात त्याचा उल्लेख तेवढा हवा. काहीच लिहिले नाही तर भागीदारी अधिनियमातला नियम लागू होतो: नफा आणि तोटा, दोन्ही समान. 70 टक्के काम करणाऱ्याला आणि 30 टक्के करणाऱ्यालाही निम्मे-निम्मे. असे ठरवायचे कोणाच्या मनात नसते, पण मौनाचा अर्थ कायद्याने तसा लावला आहे.

जबाबदाऱ्यांच्या वाटणीत ‘स्थापत्याचे काम पहिला पक्ष करील आणि विद्युत काम दुसरा’ एवढे एक वाक्य पुरत नाही. निविदेतल्या दरपत्रकाच्या प्रत्येक बाबीसमोर कोणत्या फर्मची ते लिहून ते पत्रक प्रस्तावाला जोडावे. वाद होतात ते सांध्याच्या जागी. पंपाखालचा काँक्रीटचा पाया कोणाचा? भिंतीतून केबल नेण्यासाठी ठेवायची भोके कोण ठेवणार आणि राहिली तर फोडणार कोण? पंपाच्या डिलिव्हरी पाइपपासून पहिल्या झडपेपर्यंतचा तुकडा स्थापत्याचा की यांत्रिकीचा? चाचणीच्या वेळी वाहिनी गळली आणि त्यामुळे पंप अपेक्षित दाब दाखवेना, तर पुन्हा चाचणीचा खर्च कोणाचा? अशा जागांची एक यादी दोन्ही फर्मच्या साइट अभियंत्यांनी नकाशा समोर ठेवून करावी. ही यादी मालकांपेक्षा ते जास्त चांगली करतात, कारण मागच्या कामावर त्या भोकांसाठी भिंत त्यांनीच फोडलेली असते.

प्रमुख सदस्य कोण, हेही ठरवावे लागते. खात्याशी पत्रव्यवहार, मोजमाप पुस्तिकेवर सही आणि देयके सादर करणे हे त्याच्याकडे असते आणि त्यासाठी दुसरा सदस्य त्याला कुलमुखत्यारपत्र देतो. हे मुखत्यारपत्र सरसकट ‘सर्व अधिकार’ देणारे नसावे. देयक सादर करणे, बैठकीला हजर राहणे, मुदतवाढ मागणे हे अधिकार एका सहीने चालतील. दर कमी करण्याची तडजोड, जादा कामाची मान्यता, अंतिम देयकावर ‘कोणतीही मागणी शिल्लक नाही’ अशी सही आणि कर्ज घेणे यांसाठी दोघांच्या सह्या हव्यात. अंतिम देयकावरची ती एक ओळ प्रमुख सदस्याने एकट्याने लिहून दिली, तर दुसऱ्याची जादा कामाची मागणी त्याला न विचारता संपते.

पैशाचा मार्ग हा प्रस्तावातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तो बहुधा सर्वांत थोडक्यात लिहिलेला असतो. स्थापत्याचे काम आधी सुरू होते, पंपाचे शेवटी. त्यामुळे पहिली दोन-तीन चालू देयके जवळजवळ पूर्ण स्थापत्य फर्मची असतात. पंप फर्मचा खर्च एकदम येतो, कारण पंप आणि पॅनेल बनवणारी कंपनी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय माल काढत नाही. नेमक्या त्याच वेळी खात्यात निधी नसेल तर देयक अडकते. या काळात सामायिक खात्यातला पैसा स्थापत्य फर्मने दुसऱ्या साइटवर वळवला, तर पंप फर्मकडे माल उचलायला पैसे नसतात आणि काम तिच्या नावाने थांबते. बाहेरून ‘पंपवाल्याने काम अडवले’ असे दिसते. कारण मात्र दुसरीकडे असते.

यावरचा उपाय साधा आहे. सामायिक भागीदारीच्या नावाने स्वतंत्र पॅन, जीएसटी नोंदणी आणि बँक खाते काढावे, खात्यातून पैसा दोघांच्या सहीनेच निघावा, आणि देयक जमा झाल्यापासून सात दिवसांत ते कसे फोडायचे याचा क्रम प्रस्तावातच लिहावा. एक देयक घेऊन पाहू. 50 लाखांचे काम मोजले गेले. त्यात स्थापत्याचे 42 लाख, पंपाचे 8 लाख. 18 टक्के जीएसटीसह देयक 59 लाखांचे. त्यातून खाते प्राप्तिकराची 2 टक्के आणि जीएसटीची 2 टक्के उद्गम कपात, तसेच 1 टक्का बांधकाम कामगार उपकर कापते. हे अडीच लाख वजा होऊन 56 लाख 50 हजार खात्यात येतात. ठरलेला क्रम असा: मोजलेल्या कामाच्या अडीच टक्के, म्हणजे 1 लाख 25 हजार, सामायिक खर्चासाठी, नंतर प्रत्येकाच्या कामाच्या 5 टक्के आपसातली राखीव रक्कम म्हणून त्याच खात्यात, उरलेले ज्याचे त्याला. दोन्ही फर्मनी भागीदारीला आपापल्या कामाची जीएसटीसह बिले दिलेली असतात, त्यामुळे जीएसटीही त्याच हिशेबात पुढे जातो. स्थापत्य फर्मला 44 लाख 31 हजार आणि पंप फर्मला 8 लाख 44 हजार मिळतात. राखीव 2 लाख 50 हजारांत पहिलीचे 2 लाख 10 हजार आणि दुसरीचे 40 हजार असतात.

कापलेला कर भागीदारीच्या पॅनवर जमा होतो, तर उत्पन्न दोन्ही फर्मच्या वह्यांत दिसते. ही कपात कोणाच्या नावे आणि कोणत्या प्रमाणात मागायची हे आधी ठरवून कार्यालयाला वेळेत कळवले नाही, तर ती रक्कम वर्षअखेर कोणालाच मिळत नाही आणि नोटिसांना उत्तरे देण्यात वेळ जातो.

एका फर्मने दुसरीचा खर्च तात्पुरता उचलला तर त्यावरचे व्याजही लिहावे. न लिहिल्यास भांडवलापेक्षा जास्त दिलेल्या रकमेवर कायद्याने 6 टक्के व्याज मिळते. बँकेकडून त्याहून बरेच महाग पैसे घेऊन ते 6 टक्क्यांनी दुसऱ्याला वापरायला देणे कोणत्याही फर्मला परवडत नाही. बँकेचा जो दर लागतो तोच दर लिहिणे रास्त.

बाहेर पडण्याच्या अटींकडे वळताना एक कठोर गोष्ट आधी सांगितली पाहिजे. संयुक्त भागीदारीतली जबाबदारी संयुक्त आणि पृथक असते. मालक, म्हणजे काम देणारे कार्यालय, पूर्ण कामासाठी दोघांपैकी कोणालाही एकट्याला धरू शकते. भागीदारी अधिनियमाचे हेच तत्त्व आहे आणि संयुक्त भागीदारीच्या निविदांतही ते लिहिलेले असते. आपसात ‘आजपासून मी वेगळा’ असे स्टॅम्प पेपरवर लिहिले तरी कार्यालयासमोर सुटका होत नाही. निवृत्त होणारा भागीदार बाहेरच्या देण्यातून मोकळा होतो तो त्या तिसऱ्या पक्षाच्याही संमतीनेच. म्हणजे बाहेर पडण्याची अट ही मुख्यतः आपसातल्या हिशेबाची अट असते. कार्यालयापासून सुटका मिळते ती त्याने सदस्यबदल लेखी मान्य केला तरच, आणि पात्रता दोघांच्या कागदांवर मिळाली असल्याने ते सहसा मान्य करत नाही.

म्हणून ‘15 दिवसांची नोटीस देऊन कोणताही पक्ष बाहेर पडू शकेल’ हे तयार नमुन्यातून उचललेले वाक्य या व्यवहारात धोक्याचे आहे. बाहेर पडण्याचा विचार टप्प्याटप्प्याने करावा लागतो. निविदा भरण्याआधी दोघेही मोकळे असतात; केवळ एकमेकांचे दर बाहेर जाऊ नयेत आणि तीच निविदा दुसऱ्यासोबत भरू नये एवढे बंधन पुरे. निविदा उघडल्यानंतर माघार घेतली तर बयाणा रक्कम जप्त होते आणि काळ्या यादीची टांगती तलवार येते, म्हणून माघार घेणाऱ्याने पूर्ण बयाणा भरून द्यावा असे लिहावे. कार्यारंभ आदेशानंतर मात्र ऐच्छिक बाहेर पडणे नसावेच. तिथे हवे ते ‘काम हाती घेण्याचे’ कलम.

हे कलम कसे चालते ते पुन्हा आपल्या उदाहरणात पाहू. सातव्या महिन्यात पंप फर्म काम थांबवते. तिचे 72 लाखांपैकी 8 लाखांचे काम झाले आहे. प्रस्तावानुसार स्थापत्य फर्म तिला कामातली नेमकी त्रुटी लिहून 15 दिवसांची नोटीस देते. सुधारणा होत नाही, तेव्हा दोघांचे अभियंते आणि आधीच नाव ठरवलेला एक त्रयस्थ अभियंता मिळून झालेले काम आणि साइटवर पडलेला माल मोजतात, फोटो काढतात, तिघे सही करतात. मग स्थापत्य फर्म उरलेले 64 लाखांचे काम दुसऱ्या एजन्सीकडून करून घेते. ती 71 लाख मागते. जादा 7 लाख पंप फर्मकडून वसूल व्हायचे आहेत. तिची हाताशी असलेली रक्कम किती? काम मिळतानाच 5 टक्के सुरक्षा अनामत, म्हणजे 12 लाख, दोघांनी आपापल्या वाट्याने मुदत ठेवीत ठेवली होती. त्यात पंप फर्मचे 3 लाख 60 हजार. राखीव रकमेतले 40 हजार. एकूण 4 लाख. उरलेले 3 लाख मालकाकडून वैयक्तिकरीत्या वसूल करावे लागतील.

हा आकडा प्रस्ताव करतानाच मांडून पाहिला असता तर दोघांना दिसले असते की पंप फर्म जितकी लवकर बाहेर पडेल तितकी तिच्याकडून हाताशी असलेली रक्कम कमी असेल आणि उरलेल्या कामाचा बोजा जास्त. त्यावर उपाय म्हणून तिने स्वतःच्या कामाच्या 10 टक्के रकमेची बँक हमी स्थापत्य फर्मच्या नावे द्यावी असे ठरवता येते, किंवा पंपाची ऑर्डर आणि आगाऊ रक्कम सामायिक खात्यातून थेट कंपनीला द्यावी, म्हणजे माल भागीदारीच्या नावावर राहतो. हेच कलम उलट दिशेनेही तितकेच लागू असावे. स्थापत्य फर्म मोठी म्हणून तिला नोटीस देता येणार नाही अशी रचना लहान फर्मने कधीही मान्य करू नये. स्थापत्य फर्म थांबली तर पंप फर्म एकटी टाकी बांधू शकत नाही, म्हणून तिच्यासाठी ही हमी जास्तच गरजेची असते.

बाहेर पडणाऱ्याला त्याचे पैसे केव्हा मिळणार हेही लिहावे. झालेल्या कामाचा त्याचा वाटा कार्यालयाकडून देयक आल्यावर, राखीव रक्कम आणि अनामत मात्र दोषदायित्वाचा काळ संपल्यावर, अशी मांडणी योग्य ठरते. मृत्यूची तरतूद विसरली जाते. पंप फर्म एका माणसाची आहे. तो गेला तर फर्मच राहत नाही, आणि करारात वेगळे नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारीही विसर्जित होते. भागीदारी चालू राहील, वारसांना झालेल्या कामाचा हिशेब 60 दिवसांत मिळेल, पण कामात दखल देता येणार नाही, आणि काम पुरे करण्याचा खर्च त्यांच्या घरातून नव्हे तर राखीव रक्कम आणि हमीतून जाईल, असे लिहिणे दोन्ही कुटुंबांवर उपकार ठरते. वादासाठी 1996 च्या लवाद कायद्याखाली एकच लवाद, त्याची नेमणूक कशी आणि सुनावणी कोणत्या शहरात, हे तीन ओळींत संपते. लवाद चालू असतानाही काम थांबणार नाही, ही चौथी ओळ मात्र अवश्य हवी.

एका प्रकारच्या प्रस्तावाला सरळ नकार द्यावा. ‘तुमचे कागद द्या, सही करा, काम आम्ही करू, तुम्हाला दोन टक्के घरबसल्या.’ अनुभवाचे दाखले किंवा परवाना भाड्याने देण्याचा हा व्यवहार ठेकेदारीत उघडपणे होतो. दोन टक्के घेणाऱ्याला वाटते, आपली जोखीमही दोन टक्क्यांची. प्रत्यक्षात ती पूर्ण 2 कोटी 40 लाखांची असते. कारण कार्यालयाच्या कागदावर दोघेही सारखे जबाबदार आहेत. दुसऱ्याने काम अर्ध्यावर सोडले, तर काळ्या यादीत दोघांचीही नावे जातात आणि घरबसल्या बसलेल्याचा स्वतःचा चालता धंदा त्यात बुडतो.

योजना सुरू होऊन पाणी गावात पोहोचले की काम संपले असे वाटते, पण भागीदारी तेव्हा संपत नाही. निविदेतला दोषदायित्वाचा काळ चालू असतो आणि त्यात पंप जळला किंवा वाहिनी फुटली तर दुरुस्ती याच भागीदारीला करायची असते. म्हणून करारनाम्याची मुदत ‘काम पूर्ण होईपर्यंत’ अशी न लिहिता, सुरक्षा अनामत परत मिळून, राखीव रकमेचा हिशेब होऊन, शेवटचे विवरणपत्र भरून जीएसटी नोंदणी रद्द होईपर्यंत अशी लिहावी. त्यानंतरच सामायिक बँक खाते बंद करावे.